गनवर ९४, रिंगवर सोनेरी छटा : एका बेअरिंगचं प्रकरण

सांगलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. ७५ किलोवॅटची, ४ पोलची एक मोटर वाइंडिंग करून, वार्निश सुकवून जोडणीला आली होती. फक्त बेअरिंगं बसवायची राहिली होती. ड्राइव्ह बाजूला ६३१६ नंबरचं बेअरिंग, म्हणजे आतला भोक ८० मिलिमीटरचा. असं बेअरिंग शाफ्टवर ठोकून बसवत नाहीत. ते इंडक्शन हीटरवर तापवायचं, भोक जरा फुगलं की हातमोजे घालून शाफ्टवर सरकवायचं आणि गार होताना ते आपोआप घट्ट बसतं.

हे काम करताना तापमानाकडे डोळे लावून बसावं लागतं. हीटरला चुंबकाने चिकटणारा प्रोब असतो. तो आतल्या रिंगवर लावायचा, ११० अंश सेट करायचं, तिथे पोचलं की हीटर स्वतः थांबतो. आमच्या प्रोबची वायर मुळाशी तुटली होती. नवा मागवला होता, पण आला नव्हता. म्हणून दोन आठवडे पोरं हीटर मिनिटं मोजून चालवत होती आणि तापमान लेझरवाल्या गनने बघत होती. ही परवानगी मीच दिली होती. गन महिनाभरापूर्वीच कॅलिब्रेशन होऊन आली होती, प्रमाणपत्र फाइलला होतं. त्यामुळे माझ्या मनात शंका आली नाही.

त्या दिवशी हीटरवर आमचा नवा मुलगा होता. दोन मिनिटं दिली, गन मारली, ५१. आणखी एक मिनिट दिलं, ६३. अजून दिलं. तो काही चुकीचं करत नव्हता. त्याला ११० सांगितलं होतं आणि आकडा ११० च्या खाली होता. मी पलीकडे टेस्ट बेंचवर होतो. आमचे जुने फिटर मामा दुसऱ्या मोटरचं कव्हर बसवत होते. त्यांनी मान वर केली आणि ओरडले, "अरे पोरा, थांबव ते! तेल जळतंय, वास येत नाही का तुला?"

"मामा, गन ९४ च दाखवतेय."

"गन राहू दे. आधी बंद कर."

हीटर बंद केला. मी गेलो तेव्हा बेअरिंगवरच्या संरक्षक तेलाचा निळसर धूर अजून तरंगत होता. गार होऊ दिलं आणि चिंधीने पुसलं. बाहेरची रिंग नवी दिसत होती तशीच, पांढरीशुभ्र. आतल्या रिंगच्या तोंडावर मात्र फिकट पिवळी, गवती छटा आली होती. उजेडात तिरकं धरलं की सोन्याचं पाणी दिल्यासारखं दिसायचं. इंडक्शन हीटरमध्ये गाभा भोकातून जातो, म्हणून आतली रिंग आधी आणि जास्त तापते. रंग तिथेच आला यात नवल नव्हतं.

ज्याने छिन्नी किंवा ड्रिलला पाणी दिलंय, त्याला हा रंग ओळखीचा आहे. स्वच्छ घासलेलं पोलाद हवेत साधारण २०० अंशांच्या आसपास गेलं की त्यावर ऑक्साइडचा इतका पातळ थर येतो की तो पिवळा दिसतो. आणखी तापवलं तर तपकिरी, मग जांभळा, मग निळा. म्हणजे गन ९४ म्हणत होती आणि रिंग स्वतः २०० म्हणत होती. रिंगचं खरं मानायचं, कारण तिचा रंग ती किती तापली होती यावरूनच ठरतो.

हा फरक किरकोळ नाही. साध्या बॉल बेअरिंगला १२५ अंशांच्या वर तापवू नये, असं बेअरिंग बनवणारे स्पष्ट सांगतात. रिंगला जो कडकपणा आणि जे नेमकं माप दिलेलं असतं, ते त्याच्या फार वर नेलं की टिकत नाही. पोलाद मऊ पडायला लागतं, आतली रचना बदलून रिंग कायमची किंचित वाढते आणि शाफ्टवरची पकड सुटू शकते. एवढं तापवायची गरजही नसते. ८० मिलिमीटरच्या भोकाचं पोलाद ८० अंशांनी तापलं की सुमारे ०.०७७ मिलिमीटरने मोठं होतं. आमच्या शाफ्टला बेअरिंगपेक्षा जास्तीत जास्त ०.०४५ चा फुगवटा असतो. म्हणजे खोलीच्या तापमानापासून ११० पर्यंत नेलं की अलगद सरकायला पुरेशी जागा होते. ते बेअरिंग मी तिथेच भंगारात काढलं, पण बाहेर जाऊ दिलं नाही. पुढचे सगळे प्रयोग त्याच्यावरच केले.

पहिला संशय बॅटरीवर गेला. बदलली, काही फरक नाही. मग अंतर तपासलं. आमच्या गनवर 12:1 लिहिलेलं आहे. म्हणजे १२ सेंटिमीटरवरून ती १ सेंटिमीटरचा गोल बघते आणि ३० सेंटिमीटरवरून अडीच सेंटिमीटरचा. लेझरचा ठिपका फक्त रोख दाखवतो, मोजमाप त्याच्या आजूबाजूच्या पूर्ण गोलातून होतं. ६३१६ ची आतली रिंग तोंडाला जेमतेम दीड सेंटिमीटर जाड आहे. मुलगा लांबून गन मारत असेल तर रिंगच्या जोडीला गोळ्या, जाळी आणि मधल्या फटी असं सगळं त्या गोलात आलं असणार. म्हणून १० सेंटिमीटरवरून मोजलं. आकडा दोन-तीन अंश वर गेला. मोठी चूक तशीच राहिली.

मग गन भिंतीवर मारली, टेबलच्या लाकडावर मारली, गार बेअरिंगवर मारली. सगळीकडे ३१. भिंतीवरचा साधा थर्मामीटरही ३१ दाखवत होता. इथे माझाही गोंधळ उडाला. गार बेअरिंगवर गन बरोबर आणि तापलेल्यावर निम्मं, असं कसं? या प्रश्नाच्या उत्तरातच सगळं प्रकरण आहे, म्हणून ते सावकाश सांगतो.

गन तापमान मोजत नाही. समोरून येणारे उष्णतेचे किरण मोजते आणि त्यावरून तापमानाचा हिशेब करते. कोणतीही वस्तू तापमानाप्रमाणे किरण सोडते, पण सगळ्या वस्तू सारख्याच उदारपणे सोडत नाहीत. काजळीचा काळा पृष्ठभाग जवळजवळ पूर्ण सोडतो. चकचकीत धातू त्याच तापमानाला अगदी थोडे सोडतो. या उदारपणाचं माप म्हणजे उत्सर्जकता, गनच्या मेनूतली एमिसिव्हिटी. पूर्ण काळ्या पृष्ठभागाला १. रंग, लाकूड, रबर, कागद, कातडी यांना ०.९ च्या वर. गंजलेल्या किंवा काळवंडलेल्या लोखंडाला ०.७-०.८ च्या आसपास. पॉलिश केलेल्या तांब्याला आणि ॲल्युमिनियमला ०.१ सुद्धा नाही. ग्राइंडिंग केलेलं चकाकतं पोलाद या दोन टोकांच्या मध्ये, पण खालच्या टोकाकडे.

आमच्या गनच्या पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत `ε=0.95` असं होतं. गन त्याच सेटिंगवर आली होती आणि कुणी त्याला कधी हात लावला नव्हता. रंगवलेल्या मोटर बॉडीवर, केबलवर, पॅनेलच्या दारावर तीच चालवत होतो आणि तिथे ०.९५ बरोबरच आहे. कॅलिब्रेशनच्या लॅबमध्येही गन काळ्या मानक पृष्ठभागासमोर धरतात. तिथेही ती बरोबरच आली. प्रमाणपत्र खरं होतं, पण ते काळ्या पृष्ठभागापुरतं. चकाकत्या रिंगबद्दल ते काहीच सांगत नव्हतं.

आता गार बेअरिंगचं कोडं. जो पृष्ठभाग स्वतः कमी किरण सोडतो, तो बाहेरून पडणारे किरण तेवढेच जास्त परत फेकतो. चकचकीत रिंग उष्णतेच्या किरणांसाठी आरसाच असते. तिची उत्सर्जकता ०.२४ असेल तर गनला येणाऱ्या किरणांत रिंगचा स्वतःचा वाटा २४ टक्के आणि बाकी ७६ टक्के वाटा भिंती, छप्पर आणि समोर उभा असलेला माणूस यांच्या प्रतिबिंबाचा. रिंगही ३१ वर आणि खोलीही ३१ वर असेल, तर स्वतःचे २४ आणि उसने ७६ मिळून बरोबर ३१ चाच आकडा येतो. चूक असते, पण लपलेली. रिंग तापायला लागली की तिचे २४ टक्के वाढतात आणि खोलीचे ७६ टक्के जागच्या जागी राहतात. त्यामुळे गनचा आकडा चढतो, पण रेंगाळत चढतो. म्हणून गार वस्तूवर गन तपासून ती बरोबर असल्याचा निर्वाळा देता येत नाही.

हे नुसतं समजून भागणार नव्हतं, आकडे हवे होते. शेजारच्या युनिटकडून चपट्या टोकाचा के-टाइप थर्मोकपल आणला. तो पृष्ठभागावर टेकवून मोजतात. टोकाला थोडी थर्मल पेस्ट लावली, म्हणजे मध्ये हवेची फट राहत नाही. हीटर चालू असताना त्याच्या चुंबकीय क्षेत्राने थर्मोकपलचा आकडा नाचतो, म्हणून दर वेळी हीटर बंद करून, आकडा स्थिर होऊ देऊन मग दोन्ही मापं घेतली. त्याच भंगार बेअरिंगवर, पण पिवळी छटा सोडून चकाकत्या भागावर. थर्मोकपल ६० म्हणाला तेव्हा गन ३९. ८० ला ४६. १०० ला ५३. ११० ला ५७.

मुलगा शांतपणे ऐकत होता. तो म्हणाला, "म्हणजे साहेब, मी ११० ची वाट बघत बसलो असतो तर?"

त्याचं उत्तर काढायला आम्ही कागद घेतला. किरणांचं प्रमाण केल्व्हिनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं असं धरून दोन बाजू मांडल्या. डावीकडे गन काय समजते, उजवीकडे प्रत्यक्षात काय आहे :

```
0.95·Tr⁴ + 0.05·Ta⁴ = ε·T⁴ + (1−ε)·Ta⁴
```

`Tr` म्हणजे गनचा आकडा, `Ta` खोलीचं तापमान, `T` रिंगचं खरं तापमान आणि `ε` रिंगची खरी उत्सर्जकता, जी काढायची होती. आकडे फार मोठे होऊ नयेत म्हणून केल्व्हिनला १०० ने भागून घेतलं. गन ५७ म्हणजे ३३० केल्व्हिन, ३.३० चा चौथा घात ११८.६. खोली ३१ म्हणजे ३०४, तिचा ८५.४. थर्मोकपल ११० म्हणजे ३८३, त्याचा २१५.२. डाव्या बाजूची बेरीज ११७ च्या जवळ येते. त्यातून खोलीचे ८५.४ वजा केले की ३१.५ उरतात. हेच रिंगचं खोलीपेक्षा जास्तीचं देणं. ती पूर्ण काळी असती तर हे देणं २१५.२ वजा ८५.४, म्हणजे १२९.८ झालं असतं. ३१.५ भागिले १२९.८, उत्तर ०.२४.

हे ०.२४ घेऊन उलटा हिशेब केला. गनवर ९४ म्हणजे रिंग सुमारे १९० अंशांवर. गन सगळे किरण बघत नाही, ८ ते १४ मायक्रॉन लांबीचेच बघते, आणि त्या पट्ट्यात वाढ चौथ्या घातापेक्षा थोडी मंद असते. तेवढं धरलं तर खरं तापमान आणखी वर सरकतं, २१० च्या आसपास. पिवळ्या छटेशी हे जुळतं. आणि गनवर ११० यायची वाट बघितली असती तर रिंग २२० च्या चांगलीच वर गेली असती.

मग सगळ्यांनाच सुचला तो उपाय पुढे आला. गनमध्ये `ε=0.24` टाकू आणि झालं. टाकून बघितलं. त्याच बेअरिंगवर, त्याच जागी गन थर्मोकपलशी दोन अंशांत जुळली. मामांना ते पटलं नव्हतं. त्यांनी स्टोअरमधून त्याच नंबरचं नवं बेअरिंग काढलं, वरचं तेल न पुसता. सांभाळून तापवलं. थर्मोकपल ११०, गन १३४. तेलाची पातळ साय धातूपेक्षा जास्त किरण सोडते, त्यामुळे उत्सर्जकता वाढली होती आणि ०.२४ वर ठेवलेली गन आता उलट्या दिशेने चुकत होती. ते तेल पुसावं तरी किती? पुसणाऱ्याच्या हातावर आकडा अवलंबून राहिला असता.

दुसरी गोष्ट मला स्वतःला बघायला मिळाली. वार्निश सुकवायची भट्टी हीटरपासून चार पावलांवर आहे. मी गन घेऊन उभा असताना कुणीतरी तिचं दार उघडलं. रिंगवर लावलेल्या थर्मोकपलचा आकडा हलला नाही, गनचा वीस-बावीस अंशांनी वर गेला. दार लावलं, पुन्हा खाली. भट्टीच्या आतल्या गरम पत्र्याचं प्रतिबिंब रिंगमध्ये पडत होतं आणि ०.२४ ने भागताना ते चौपट होऊन पडद्यावर येत होतं. इतक्या कमी उत्सर्जकतेवर गन वापरायची तर आजूबाजूला काय आहे, हेही प्रत्येक वेळी धरावं लागेल. वर्कशॉपमध्ये ते जमणारं नाही. म्हणून सेटिंग परत ०.९५ वर नेलं आणि ठरवलं, की बदलायचा तो पृष्ठभाग, आकडा नाही.

पृष्ठभाग बदलायचा म्हणजे चकाकत्या धातूवर एक असा डाग तयार करायचा की ज्याची उत्सर्जकता आपल्याला ठाऊक आहे. कागदी मास्किंग टेपचा दोन सेंटिमीटरचा तुकडा बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर घट्ट दाबून चिकटवला, खाली बुडबुडा राहू दिला नाही. या वेळी थर्मोकपलही बाहेरच्या रिंगवरच टेकवला. ०.९५ वर टेपवर गन मारली तर थर्मोकपलच्या ८० ला ७८ आणि १०० ला ९७. टेपचा वरचा भाग धातूपेक्षा थोडा गार राहतो, म्हणून ते दोन-तीन अंश कमी येतात. १०० च्या वर टेपचा गोंद सैल व्हायला लागतो आणि कड उचलली की आकडा लगेच पडतो. काळी प्लास्टिकची इलेक्ट्रिकल टेप तर त्याच्या आधीच मऊ पडते. जास्त तापमानाला सायलेन्सरला मारतात तो मॅट काळा रंग चालतो. त्याचा ठिपका गनच्या गोलापेक्षा मोठा हवा, नाहीतर कडेचा चकाकता धातू पुन्हा गोलात येतो.

बेअरिंगवर मात्र रंग मारायचा नाही आणि टेपही आतल्या रिंगवर लावायची नाही. सुटलेला कण गोळ्यांच्या वाटेत गेला तर आपणच नवी खराबी आत घातली. टेपचा प्रयोग भंगार बेअरिंगवर होता म्हणून चालला. कामाच्या बेअरिंगसाठी टेकवून मोजणं हाच मार्ग, एकतर हीटरचा स्वतःचा प्रोब नाहीतर थर्मोकपल. आम्ही जोडीला ११० अंशांना वितळणारे खडू आणले. रिंगच्या बाजूला एक रेघ ओढायची. खडूसारखी कोरडी दिसते तोवर ११० च्या खाली, ओली चमकली की पोचलं. बसवायच्या आधी पुसून घ्यायची. मामांना हा खडू फार आवडला, कारण त्याला सेटिंग नाही.

यानंतरचं काम जड होतं. प्रोब तुटल्यापासूनच्या दोन आठवड्यांत गनच्या भरवशावर आणखी बेअरिंगं बसली होती. रजिस्टर काढलं. दोन मोटरी. दोन्हींच्या वेळी हीटरवर अनुभवी हात होता, त्याने ११० ची वाट पाहिली नव्हती. गनवर सत्तरच्या आसपास असताना बेअरिंग शाफ्टवर सरकतंय असं दिसलं आणि त्याने बसवून टाकलं. आमच्या हिशेबाने गनवर ७० म्हणजे रिंग १४० च्या पुढे. रंग यायला ते पुरेसं नाही, त्यामुळे वरून काही दिसलं नसतं. पण १२५ ची मर्यादा ओलांडली होती, हे नक्की.

एक मोटर अजून आमच्याच दारात होती. ती उघडली, पुलर लावून बेअरिंग काढलं, नवं बसवलं. दुसरी एका पाणीपुरवठ्याच्या पंपावर चालू होती. मी त्यांना फोन करून जे घडलं ते सांगितलं आणि पंप बंद ठेवता येईल असा दिवस मागितला. त्यांनी रविवार दिला. मी, मामा आणि तो मुलगा, तिघं गेलो. बेअरिंग चालताना आवाज नव्हता, कंप नव्हता, तरी बदललं. खर्च आमचा. या वेळी हीटर सोबत नेला होता, नवा प्रोब आतल्या रिंगच्या तोंडावर लावला होता. मुलाने खडूची रेघ ओढली आणि गनही हातात घेतली. प्रोब ११० ला पोचून हीटर थांबला, रेघ ओली झाली, तेव्हा गनवर ५६ होतं. त्याने ते वहीत लिहिलं, गन बाजूला ठेवली, आणि बेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून शाफ्टच्या खांद्याला टेकेपर्यंत सरकवलं.